टवका काठावरच का उडतो?

(लेखांक ७)

मागच्या लेखात आपण दोन अणूंमधल्या बंधाच्या ऊर्जेचा आलेख काढला होता. आडव्या रेषेवर दोन अणूंमधले अंतर, उभ्या रेषेवर ऊर्जा. अणू एकमेकांपासून ज्या अंतरावर सुखाने राहतात तिथे आलेखाचा तळ असतो. आता त्या दरीच्या दोन बाजूंकडे नीट पाहा. डावीकडे, म्हणजे अणू जवळ येतात त्या बाजूला, सह्याद्रीचा कोकणाकडचा कडा असावा तशी सरळ भिंत आहे. उजवीकडे, अणू लांब जातात त्या बाजूला, देशावरचा उतार असावा तशी निवांत चढण आहे. याला कारण आहे. अणू फार जवळ आले की त्यांचे इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांत घुसू लागतात आणि प्रतिकर्षण एकदम वाढते. लांब गेले तर आकर्षण मात्र हळूहळू कमी होत जाते.

पदार्थ तापवला की अणूंची थरथर वाढते. आलेखावर पाहायचे तर ऊर्जेची पातळी तळापासून वर सरकते आणि अणूला डाव्या भिंतीपासून उजव्या चढणीपर्यंत झोके घेता येतात. पातळी जसजशी वर जाते तसतसे डावे टोक जेमतेम सरकते, कारण तिथे भिंत आहे. उजवे टोक मात्र बरेच लांब जाते. त्यामुळे झोक्याचा मध्य उजवीकडे ढळतो. दोन अणूंमधले सरासरी अंतर वाढले, पदार्थ प्रसरण पावला. झोका मोठा झाला म्हणून पदार्थ फुगतो, असा समज बऱ्याच जणांचा असतो, पण तेवढे पुरेसे नाही. आलेख दोन्ही बाजूंनी सारखा असता तर कितीही तापवले तरी मध्य जागचा हलला नसता आणि उन्हाळ्यात लोहमार्गाचे रूळही लांबले नसते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. बंध मजबूत असेल तर दरी खोल आणि अरुंद असते; तेवढ्याच उष्णतेने अणू तळाच्या आसपासच राहतो, आणि तळाजवळ दोन्ही बाजू बऱ्याचशा सारख्या असतात. म्हणून ३४२२ अंश सेल्सियसला वितळणारे टंगस्टन एका अंशामागे लांबीच्या दशलक्षांश साडेचार भागच वाढते, तर ६६० अंशांना वितळणारे अ‍ॅल्युमिनियम २३ भाग. लोखंड मधे, सुमारे १२ ते १३ वर. (यापुढे ‘प्रसरणांक १२’ म्हटले की ‘अंशामागे दशलक्षांश १२ भाग’ असे समजावे.) नियमाला अपवाद आहेत. शुद्ध सिलिकाच्या काचेचा प्रसरणांक जेमतेम अर्धा असतो, कारण तिची रचना पोकळ आहे; अणू आडवे थरथरतात तेव्हा ती जाळी आत ओढली जाते आणि बंधांचे लांबणे बरेचसे वजा होते.

आता एनॅमलची थाळी घ्या. एनॅमल म्हणजे रंग नव्हे, ती काचच असते. काच वितळवून, पाण्यात ओतून तिचा चुरा करतात, त्याला फ्रिट म्हणतात. तो बारीक दळून, पाण्यात कालवून लोखंडी पत्र्यावर चढवतात, वाळवतात आणि सुमारे ८०० ते ८५० अंशांच्या भट्टीत काही मिनिटे भाजतात. पहिल्या थरात कोबाल्टचा ऑक्साइड असतो. तो काच आणि लोखंड यांची पकड घट्ट करतो आणि थराला गडद निळा रंग देतो. त्यावर पांढरा थर. जुन्या थाळीचा टवका उडालेला असेल तिथे बोट फिरवून पाहा: आधी पांढरी कडा, तिच्याखाली निळसर काळी रेघ, आणि मग गंजलेला पत्रा.

भट्टीत काच मऊ असते, पत्रा जसा हलेल तशी ती हलते. खरा प्रश्न थंड होताना, सुमारे ५०० अंशांच्या खाली काच ताठ झाल्यावर सुरू होतो. तिथून २५ अंशांपर्यंत ४७५ अंशांची घट आहे. पत्र्याचा प्रसरणांक १३ आणि एनॅमलचा ११ धरू. २५० मिलिमीटरची थाळी असेल तर पत्रा सुमारे १.५४ मिलिमीटर आकसू पाहतो आणि काच १.३१. फरक पाव मिलिमीटरहूनही कमी, पण दोघे एकमेकांना चिकटलेले आहेत. पत्रा काचेला स्वतःबरोबर आत ओढतो आणि काच दाबाखाली राहते. काचेचा ताठपणा लक्षात घेऊन हिशेब केला तर हा दाब ८० मेगापास्कलच्या घरात जातो.

हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. काच दाब उत्तम सोसते. ताण मात्र तिला सोसत नाही, कारण पृष्ठभागावरचे सूक्ष्म ओरखडे ताणाखाली उघडत जातात. एनॅमलचा प्रसरणांक ११ ऐवजी १५ असता तर तेवढेच ८० मेगापास्कल ताणाचे झाले असते आणि थाळीवर केसासारख्या चिरांचे जाळे उमटले असते. चहाचे डाग अशा चिरांत बसतात, त्यामुळे त्या लगेच ओळखू येतात.

मग ११ हा आकडा आणायचा कसा? इथे पुन्हा तो आलेख कामाला येतो. सिलिकात सोडियम आणि पोटॅशियमचे ऑक्साइड घातले की सिलिकॉन-ऑक्सिजनची घट्ट साखळी जागोजागी तुटते आणि तिथे सैल बंध येतात. सैल बंधांची दरी उथळ आणि जास्त एकांगी, म्हणून प्रसरणांक चढतो. सिलिका वाढवली की तो उतरतो. फ्रिट बनवणारा खरे तर बंधांच्या आलेखाचा आकारच बेतत असतो. लोखंडाच्या अगदी बरोबरीने नाही, थोडा खाली, हे त्याचे लक्ष्य असते.

बेत जमला की नाही हे पाहायची एक साधी रीत आहे. पातळ लोखंडी पट्टीच्या एकाच बाजूला एनॅमल चढवून भाजायचे. थंड झाल्यावर पट्टी वाकते. एनॅमल बाहेरच्या, फुगीर बाजूला आले तर ते दाबाखाली आहे; आतल्या, खोलगट बाजूला आले तर ताणाखाली आहे आणि मिश्रण बदलायला हवे.

मात्र दाब जास्त झाला तर तोही महागात पडतो, आणि तो पहिला काठावर दिसतो. सपाट जागी दाब पत्र्याच्या पातळीतच राहतो. पत्रा बाहेरच्या बाजूला वळला की दाबाखालचा थर पत्र्यापासून सुटू पाहतो. हा उचलणारा जोर म्हणजे दाब गुणिले थराची जाडी भागिले वळणाची त्रिज्या. थर ०.२ मिलिमीटरचा, दाब ८० आणि त्रिज्या ५ मिलिमीटर असेल तर जोर ३ मेगापास्कलच्या आसपास येतो. त्रिज्या एक मिलिमीटरवर आणली तर तोच जोर १६ होतो. त्यात वरून एक टोला बसला की टवका गेलाच. थाळीचा काठ गोल वळवलेला असतो तो हात कापू नये म्हणून, तसाच याही कारणासाठी.

तरी टवका दिसला की लगेच प्रसरणांकाला दोष देऊ नये. भट्टीत पत्र्यात शिरलेला हायड्रोजन थंड झाल्यावर बाहेर पडू पाहतो आणि एनॅमलखाली साठून अर्धचंद्राकृती खवले उडवतो. ते कधीकधी माल तयार झाल्यावर काही दिवसांनी, सपाट जागीही उडतात. दोष कुठला हे ठरवायला टवक्याचा आकार, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

वस्तू जोडतानाही हाच हिशेब लागतो. जुन्या दिव्याच्या काचेतून तार आत जाते तिथे हवा शिरता कामा नये. साध्या काचेचा प्रसरणांक सुमारे ९, प्लॅटिनमचाही तेवढाच, म्हणून सुरुवातीच्या दिव्यांत महागड्या प्लॅटिनमची तार असे. पुढे तिची जागा ड्युमेट तारेने घेतली: आत निकेल-लोखंडाचा गाभा, वर तांब्याचे वेष्टन. गाभ्याचा प्रसरणांक काचेपेक्षा कमी, तांब्याचा सुमारे १७; दोन्ही मिळून तारेची जाडी काचेच्या जवळपास बेताने वाढते. लांबीच्या दिशेने ती तितकीशी जुळत नाही, म्हणून ही तार बारीकच ठेवावी लागते. निकेल-लोखंडाचा प्रसरणांक इतका कमी का, हे मात्र नुसत्या बंधाच्या आलेखावरून कळत नाही. त्यात चुंबकत्वाचा हात आहे. ते पुढच्या आठवड्यात.