नंबर देण्याआधी

"तुझ्या त्या मैत्रिणीचा नंबर दे ना," असं कुणी म्हटलं की आपण कॉन्टॅक्ट पाठवून मोकळे होतो. त्यात कधी तिचा घरचा पत्ताही सेव्ह केलेला असतो. त्याऐवजी आधी तिला विचारावं: "एकाला तुझ्या क्षेत्रात काम हवंय, दहा मिनिटं बोलशील? नंबर देऊ की ईमेल?"

मात्र तिला काय सांगायचं, हे त्यालाही विचारायला हवं. तो नोकरीत असेल, तर शोधाची कुणकुण साहेबांच्या कानावर जाऊ शकते. नुसतं नाव गाळून भागत नाही. "पुण्यात बारा वर्षं पंपांचं डिझाइन करतो" एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. "पंपांचा अनुभवी डिझायनर" पुरे. ती नको म्हणालीच, तर "सध्या जमणार नाही" इतकंच कळवावं, तिचं कारण सांगू नये.