कामाच्या यादीतले रंगीत ठिपके

गूगल टास्क्समध्ये कामाला लेबल लावायची सोय नाही. कामाचं नाव लिहिता येतं, तपशील टाकता येतो, तारीख देता येते, पोटकामं जोडता येतात आणि फार तर एखाद्या कामावर तारा ठेवता येतो. यातली पाण्याची कामं कुठली, पैशांची कुठली आणि आजच उरकायची कुठली, हे एका नजरेत दिसावं असं वाटलं, तर अ‍ॅपकडे उत्तर एकच: वेगळ्या याद्या करा. पण याद्या वेगळ्या केल्या की आजचं सगळं एका जागी दिसत नाही. म्हणून अनेकांनी आपापली पळवाट काढली आहे. कामाच्या नावाच्या सुरुवातीलाच ते 🔴 किंवा 🟢 टाइप करतात.

ही पळवाट चालते, कारण संगणकाच्या लेखी इमोजी हे चित्र नसून अक्षर आहे. युनिकोड या जागतिक तक्त्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. आपल्या ‘क’चा क्रमांक U+0915 आणि लाल ठिपक्याचा U+1F534. त्यामुळे जिथे जिथे ‘क’ जातो, तिथे तिथे ठिपकाही जातो. लॉक स्क्रीनवरच्या सूचनेत, होम स्क्रीनवरच्या विजेटमध्ये, कॅलेंडरच्या चौकटीत, सगळीकडे. गूगल कीपमध्ये नोंदीला पिवळी पार्श्वभूमी देता येते, पण ती नोंद कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की पिवळा रंग कीपमध्येच राहतो. नावात लिहिलेला 🟡 मात्र मजकुराबरोबर निघतो.

अक्षर असण्याचे फायदे असे आहेत, आणि पुढच्या बहुतेक भानगडीही त्यातूनच निघतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव आपली कामं फोनमध्ये ठेवतात. टँकरवाल्याचं बिल, लिफ्टच्या देखभालीचा करार, टाकी धुणं, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची वार्षिक सर्वसाधारण सभा, गळतीची तक्रार, थकबाकीदारांना स्मरणपत्रं. त्यांनी चार रंग ठरवले: आज-उद्याच्या कामाला 🔴, या आठवड्यातल्याला 🟡, सवडीच्या कामाला 🟢 आणि जे दुसऱ्या कुणाकडे अडकलंय, फक्त वाट पाहायची आहे, त्याला 🔵. कामाचा विषय कळावा म्हणून ठिपक्यामागे एक चित्र: पाण्याला 💧, पैशांना 🧾, दुरुस्तीला 🔧.

यात एक गोष्ट त्यांनी नेमकी केली. ठिपका एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: ‘कधी?’ आणि चित्र दुसऱ्या प्रश्नाचं: ‘कशाचं?’ बहुतेकांची घडी इथेच विस्कटते. लाल म्हणजे तातडीचं, हिरवा म्हणजे घरचं आणि निळा म्हणजे बँकेचं, असं एकाच ओळीत मिसळलं की घरचं तातडीचं काम आल्यावर कुठला ठिपका द्यायचा हे कळत नाही. मग एका कामाला दोन ठिपके लागतात आणि ठिपक्यांचा उपयोगच संपतो.

आता ही यादी अशा अ‍ॅपमध्ये किंवा तक्त्यात नेली, जिथे नावानुसार क्रम लावता येतो. सचिवांची अपेक्षा: लाल वर, मग पिवळे, मग हिरवे आणि तळाला निळे. प्रत्यक्षात दिसतं ते असं:

```
🔴🔧 लिफ्टच्या कराराचा चेक
🔵🧾 ऑडिटरकडून अहवाल येणे
🟡💧 टाकी धुण्याची तारीख ठरवणे
🟢🔧 जिन्यातले दिवे बदलणे
```

वाट पाहायची कामं थेट दुसऱ्या क्रमांकावर! यात सचिवांची चूक नाही आणि अ‍ॅपचीही नाही. लाल आणि निळा हे दोन ठिपके २०१० साली युनिकोडच्या ६.० आवृत्तीत आले. जपानी मोबाइल कंपन्यांच्या फोनमध्ये आधीपासून असलेली चिन्हं तेव्हा मोठ्या संख्येने तक्त्यात घेतली गेली. या दोघांचे क्रमांक लागोपाठचे आहेत: 1F534 आणि 1F535. नारिंगी, पिवळा, हिरवा, जांभळा आणि तपकिरी हे भिडू आले ते २०१९च्या १२.० आवृत्तीत, आणि त्यांना जागा मिळाली बरीच पुढे, 1F7E0 ते 1F7E4. साधा, क्रमांकानुसार लावलेला क्रम ही वंशावळ पाळतो. इंद्रधनुष्याशी त्याला कर्तव्य नाही.

उपाय मात्र सोपा आहे. वाट पाहायच्या कामांना निळ्याऐवजी जांभळा द्यायचा. मग 🔴 🟡 🟢 🟣 हा क्रम आपोआप लागतो, आणि ‘आज जमलं तर’ असा आणखी एक प्रकार हवा असेल तर 🟠 लाल आणि पिवळ्याच्या मध्ये चपखल बसतो. फक्त लहान अक्षरांत नारिंगी आणि लाल पटकन वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून तो टाळलेलाच बरा. ठिपक्यांऐवजी रंगीत चौकोन वापरले तरी निळ्याची खोड तीच: 🟦 हा 🟥 आणि 🟧 यांच्या मध्ये बसलेला आहे. सगळी अ‍ॅप्स क्रमांकाचाच नियम पाळतात असंही नाही. काही चिन्हांकडे दुर्लक्ष करून पुढच्या अक्षरांवर क्रम लावतात. तेव्हा आपलं अ‍ॅप काय करतं ते पाहून मगच रंग ठरवावेत.

दुसरी भानगड शोधण्याची. शोधपेटीत 🔧 टाकला की दुरुस्तीची सगळी कामं समोर यावीत, ही साधी अपेक्षा. 🔧, 💧, ठिपके यांच्याबाबतीत, अ‍ॅप चिन्हं शोधत असेल तर, ती सहसा पुरी होते. पण काही जुनी चिन्हं मुळात काळ्या-पांढऱ्या छपाईची आहेत. त्यांना रंगीत रूप देण्यासाठी मागे एक न दिसणारं अक्षर जोडावं लागतं. टेलिफोन हे त्यातलंच एक:

```
☎   = U+260E
☎️  = U+260E U+FE0F
```

डोळ्यांना दोन्ही टेलिफोनच. पण एका नोंदीत शेपूट नसलेला टेलिफोन पडला आणि शोधपेटीत फोनच्या कीबोर्डने शेपूटवाला टाकला, तर काटेकोर शोध घेणाऱ्या अ‍ॅपला ती नोंद सापडत नाही. लाल बदाम ❤️ आणि धोक्याचा त्रिकोण ⚠️ यांची तीच गत. ओळखण्याची खूण अशी: यादी चाळताना चिन्ह पाच ठिकाणी दिसतं आणि शोध घेतला की तीनच येतात. फोनसाठी ☎️ ऐवजी 📞 घेतला तर प्रश्नच उरत नाही, कारण तो एकाच अक्षराचा आहे. हाताची, माणसांची चिन्हंही याच कारणाने खुणेसाठी नकोत. त्यांना त्वचेच्या रंगाचं अक्षर मागे लागतं, आणि एकाच्या फोनवरचा 👍 दुसऱ्याच्या फोनवरून 👍🏽 होऊन येतो.

नव्या चिन्हांचा मोहही आवरावा. सचिवांना लिफ्टसाठी 🛗 हे चिन्ह सापडलं होतं. ते २०२०च्या युनिकोड १३.० मधलं. समितीतल्या एखाद्या सदस्याचा फोन त्याआधीचा असेल आणि अद्ययावत केलेला नसेल, तर त्याला लिफ्टच्या जागी रिकामी चौकट दिसते. पाना (🔧) दिसायला साधा असला तरी सगळ्यांच्या फोनवर दिसतो.

यादी एकट्याची असेपर्यंत रंग हा आपल्या मर्जीचा मामला. ती चौघांत वाटली की दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार करावा लागतो. लाल आणि हिरव्यात गल्लत होणारी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्या आसपास असतात आणि बरेचदा ते बोलून दाखवत नाहीत. त्यांच्यासाठी 🔴 आणि 🟢 हे दोन सारखेच गोळे. रंगाबरोबर आकारही बदलला तर काम भागतं: तातडीला 🔺, आठवड्याला 🟡, सवडीला 🟩. क्रमांकही चढते आहेत, त्यामुळे क्रम बिघडत नाही. याच बदलाचा आणखी एक लाभ आहे. संस्थेच्या सूचनाफलकावर लावायला यादीची काळी-पांढरी प्रत काढली तर गोळे सगळे करडे होतात, पण त्रिकोण हा त्रिकोणच राहतो. यादी डोळ्यांनी न वाचता फोनच्या वाचकाकडून ऐकणारं कुणी असेल, तर त्याला प्रत्येक कामाआधी चिन्हाचं नाव ऐकावं लागतं. एक चिन्ह ठीक आहे. तीन लागोपाठ असली की कामापर्यंत पोचेस्तोवर जीव जातो.

टाइप करण्याचा कंटाळा हे ही पद्धत सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण. दर वेळी चित्रांच्या ढिगातून पिवळा ठिपका कोण शोधणार? जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात ‘qp’ या दोन अक्षरांपुढे 🟡 लिहून ठेवला, की ‘qp’ टाइप करताच वरच्या पट्टीत ठिपका हजर. आयफोनमध्ये हीच सोय कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’ नावाने मिळते. विंडोजवर विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबला की इमोजींची पेटी उघडते.

इतकं करूनही एक उणीव राहतेच, आणि ती मोठी आहे. लेबलचं नाव एका जागी बदललं की शंभर नोंदींवर बदलतं. इमोजी बदलायचा तर शंभर नोंदी हाताने उघडाव्या लागतात, कारण कामाच्या यादीच्या अ‍ॅपमध्ये ‘शोधा आणि बदला’ ही सोय सहसा नसते. म्हणून विषयांची वर्गवारी करण्यासाठी जिथे खरी लेबलं आहेत, तिथे तीच वापरावीत. गूगल कीपमध्ये आहेत, अ‍ॅपलच्या रिमाइंडर्समध्ये २०२१पासून टॅग आहेत, टूडूइस्टमध्ये आहेत. हवं तर लेबलच्या नावातच चित्र घालावं, ‘💧 पाणी’ असं. चित्र दिसतं आणि बदलही एका जागी होतो. नावातला ठिपका फक्त तातडीसाठी ठेवावा, कारण तातडी तशीही काम संपल्यावर संपते. तिचे जुने ठिपके बदलत बसायची वेळ येत नाही.

काही ठिकाणी तर इमोजी खुणेच्या पलीकडे जाऊन आज्ञा झाला आहे. ऑब्सिडियन या नोंदवहीच्या अ‍ॅपला ‘टास्क्स’ नावाची जोड मिळते. तिच्यात सचिवांचं काम असं लिहिता येतं:

```
- [ ] टँकरचं बिल भरणे ⏫ 🔁 every month 📅 2026-01-10
```

⏫ म्हणजे महत्त्वाचं, 🔁 म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं, 📅 म्हणजे शेवटची तारीख. काम पूर्ण केल्याची खूण केली की पुढच्या महिन्याचं काम आपोआप तयार होतं. पण ही जोड ओळ शेवटाकडून वाचत येते. तारखेनंतर कुणी ‘पावती मागणे’ असे दोन शब्द लिहिले, तर वाचन तिथेच थांबतं आणि तारीख नुसती शोभेची राहते. मात्र 📅 च्या जागी दिसायला जुळा असलेला 📆 टाकला, तरी जोड ती शेवटची तारीखच मानते.

तेव्हा यादीतल्या सगळ्या कामांना रंग फासण्याआधी चार लुटुपुटूची कामं तयार करा, प्रत्येकाला वेगळी खूण द्या, नावानुसार क्रम लावून पाहा, एकेक खूण शोधून पाहा आणि यादी घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर पाठवून बघा. या तिन्ही परीक्षांत जी खूण नापास होईल ती बदला, आणि उरलेल्यांचे अर्थ एका नोंदीत लिहून ती नोंद यादीच्या डोक्यावर पिन करून ठेवा.