चाळीस मीटरवरचा पांढरा पट्टा

प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा गेम २०१२ साली आला. त्यात गोळीबार नाही, पळापळ नाही. ट्रकच्या केबिनमध्ये बसायचं आणि युरोपभर माल पोचवायचा, एवढंच. तासन्‌तास डोळ्यांसमोर असतो तो रस्ता. त्यामुळे गेमच्या चित्रातला एक जुना दोष इथे लपता लपत नाही. ट्रकच्या नाकासमोरचं डांबर खडीच्या कणांसकट स्वच्छ दिसतं, पण नजर थोडी पुढे गेली की लेनचे पांढरे पट्टे फिसकटू लागतात आणि आणखी पुढे तर पट्टा कुठे संपला नि डांबर कुठे सुरू झालं हेच कळत नाही.

यावर बहुतेक जण आधी `Texture quality` वाढवून पाहतात. जवळचं डांबर आणखी छान दिसतं, लांबचा पट्टा होता तसाच राहतो. इलाज दुसऱ्याच ओळीत असतो. तिचं नाव `Anisotropic filtering`, मराठीत लिहायचं तर ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग. सेटिंगच्या यादीत इतकं बोजड नाव क्वचितच दुसरं असेल, आणि इतक्या स्वस्तात एवढा फरक पाडणारा पर्यायही.

गेममधला रस्ता म्हणजे सपाट पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र. त्यालाच टेक्स्चर म्हणतात. जवळून पाहताना त्याचे सगळे बारकावे हवे असतात. लांबून पाहताना मात्र टेक्स्चरचे शेकडो ठिपके पडद्यावरच्या एकाच पिक्सेलमध्ये कोंबावे लागतात. त्यांतला कुठलातरी एक उचलला तर ट्रक जरा हलताच तो पिक्सेल लुकलुकायला लागतो. यावर लान्स विल्यम्स यांनी १९८३ साली मांडलेला तोडगा आजही वापरात आहे. एकाच टेक्स्चरच्या आधीच निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रती करून ठेवायच्या: १०२४ ठिपक्यांची, मग ५१२, मग २५६, अशा पार एका ठिपक्यापर्यंत. या प्रतींना मिपमॅप म्हणतात. लांबच्या वस्तूला लहान प्रत लावायची, म्हणजे लुकलुक थांबते. सगळ्या प्रतींची मिळून जादा मेमरी लागते ती मूळ चित्राच्या एक तृतीयांश.

समोरासमोर उभ्या असलेल्या भिंतीला हा तोडगा उत्तम लागू पडतो. रस्ता मात्र आपल्यासमोर उभा नसतो, तो तिरपा पसरलेला असतो. टॉर्चचा झोत भिंतीवर सरळ मारला तर गोल पडतो आणि जमिनीवर तिरपा मारला तर लांबट होतो, तसंच एका पिक्सेलचं होतं. रस्त्यावर त्याच्या वाट्याला येणारा तुकडा रुंदीला अरुंद आणि लांबीला कितीतरी जास्त असतो. साध्या फिल्टरिंगला मात्र चौकोनी तुकडाच समजतो. म्हणून ते तुकड्याच्या लांब बाजूकडे बघून प्रत निवडतं. लांबीपुरती ती निवड बरोबर असते, पण रुंदीच्या दिशेने गरज नसताना सगळे तपशील पुसले जातात.

ट्रकचंच गणित मांडू. चालकाची नजर जमिनीपासून अडीच मीटर उंच आहे आणि तो सपाट रस्त्यावर ४० मीटर पुढे बघतो आहे, असं धरू. पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा आणि कॅमेऱ्याची आडवी दृष्टी ९० अंशांची. त्या अंतरावर एका पिक्सेलमध्ये रस्त्याची साधारण ४ सेंटीमीटर रुंदी मावते. लांबी किती पट, हे काढायला अंतराला नजरेच्या उंचीने भागायचं: ४० भागिले अडीच, म्हणजे १६ पट. म्हणजे लांबी सुमारे ६७ सेंटीमीटर.

आता लेनचा पट्टा १५ सेंटीमीटर रुंद आहे असं समजा. साधं फिल्टरिंग ज्या प्रतीकडे जातं, तिच्यातला एकेक ठिपका ६७ सेंटीमीटरचा चौकोन असतो. त्या चौकोनात १५ सेंटीमीटर पांढरा आणि बाकी डांबर. दोन्हीची सरासरी निघते आणि पडद्यावर उरतो एक रुंद, करडा फराटा. १६ पट म्हणजे चार पायऱ्या खाली घसरणं. १०२४ ठिपक्यांचं टेक्स्चर चालू शकत होतं तिथे ६४ ठिपक्यांचं लागतं.

ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग नेमकं उलटं करतं. ते तुकड्याच्या अरुंद बाजूकडे, म्हणजे ४ सेंटीमीटरकडे बघून तपशीलवार प्रत निवडतं आणि लांब बाजूवर ओळीने १६ ठिकाणी नमुने घेऊन त्यांची सरासरी काढतं. १५ सेंटीमीटरचा पट्टा पडद्यावर साडेतीन पिक्सेल रुंद, कडा शाबूत ठेवून उभा राहतो. सेटिंगमधले `2x`, `4x`, `8x`, `16x` हे आकडे म्हणजे जास्तीत जास्त किती पट लांबट तुकडा सांभाळायचा याची मर्यादा.

या मर्यादा कुठे संपतात तेही त्याच भागाकारातून कळतं. अडीच मीटर उंचीवरून २एक्स ५ मीटरवर संपतं, ४एक्स १० मीटरवर, ८एक्स २० वर आणि १६एक्स ४० वर. त्यापुढे धूसरपणा पुन्हा हळूहळू सुरू होतो. ताशी ८० किलोमीटरने निघालेला ट्रक सेकंदाला २२ मीटर कापतो. म्हणजे ४एक्सवर खेळणाऱ्याला अर्ध्या सेकंदापलीकडचा रस्ता पूर्ण स्वच्छ मिळत नाही! पायी चालणाऱ्या पात्राची नजर १.६ मीटरवर धरली तर हीच अंतरं आणखी आखडतात. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये १६एक्सची हद्द साधारण २६ मीटरवर येते.

सोळा-सोळा नमुने घ्यायचे म्हटल्यावर फ्रेमदर कोसळणार, ही भीती रास्त वाटते. प्रत्येक नमुन्यात दोन शेजारच्या प्रतींचे मिळून आठ ठिपके वाचले जातात, म्हणजे एका पिक्सेलला जास्तीत जास्त १२८. पण यातला ‘जास्तीत जास्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आकाशाला यातलं काही लागत नाही. समोरच्या भिंतीला एक नमुना पुरतो. वरच्याच पडद्यावर बघितलं तर क्षितिजाखाली ५४० ओळी रस्त्याच्या आहेत. त्यांतल्या खालच्या ३०० ओळींत तुकडा चारपटीपेक्षा कमी लांबट असतो. १६ नमुन्यांचा पूर्ण भार पडतो तो क्षितिजाला लागून असलेल्या जेमतेम ६० ओळींवर. ८एक्सवरून १६एक्सवर गेलं तर बदल होतो तो एकूण १०८० पैकी १२० ओळींत. काम ठिपकेबाजाराएवढं वाढत नाही, एका पातळ पट्टीत वाढतं. शेजारचे नमुने टेक्स्चरच्या शेजारच्याच भागातून येत असल्याने कार्डाच्या कॅशमध्ये ते बहुधा आधीच हजर असतात, आणि टेक्स्चर वाचणारं यंत्रच चिपमध्ये स्वतंत्र असतं. आजच्या गेममध्ये चिप घाम गाळते ती सावल्या आणि प्रकाशाच्या हिशोबात.

ती पातळ पट्टी मात्र मोक्याची. ट्रकच्या केबिनमध्ये तर डॅशबोर्ड पडद्याचा खालचा भाग झाकून टाकतो, म्हणजे रस्त्याचा जो काही भाग दिसतो तो बहुतांशी हाच.

‘ॲनिसोट्रॉपिक जपून लावा’ हा सल्ला तरीही ऐकू येतो. तो जुन्या दिवसांतला आहे. १९९९च्या जीफोर्स २५६ला फक्त २एक्स जमायचं. पुढच्या काही पिढ्यांच्या कार्डांनी वेग राखायला चलाखी केली: आडवी जमीन आणि उभी भिंत स्वच्छ, पण ४५ अंशांचा डोंगरउतार आला की फिल्टरिंग गुपचूप कमी. २००६च्या जीफोर्स ८८००ने हा भेद जवळपास मिटवला, आणि स्वतंत्र कार्ड असलेल्या संगणकावर आज १६एक्स लावायला विचार करण्याची गरज नाही. जपायचं ते लॅपटॉपमधल्या एकात्मिक ग्राफिक्सवर. तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच रॅमच्या रुंदीवर जगतात आणि टेक्स्चरचं प्रत्येक वाचन त्यातूनच जातं. अशा यंत्रावर ८एक्स हा चांगला मुक्काम. खडबडीत फरशीला खोटी खोली देणारं पॅरलॅक्स मॅपिंग ज्या गेममध्ये भरपूर आहे, तिथेही खर्च नेहमीपेक्षा जास्त लागतो.

सेटिंग शक्यतो गेममध्येच बदलावं. ‘व्हॅलोरंट’मध्ये ते `Anisotropic Filtering` नावानेच आहे, ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये `Texture Filtering Mode` या ओळीत. अनरियल इंजिनवरच्या बऱ्याच गेममध्ये वेगळी ओळच नसते, ते टेक्स्चर क्वालिटीला बांधलेलं असतं. इंजिनच्या मूळ मांडणीत सर्वात वरच्या दोन नेहमीच्या पायऱ्यांपैकी एकीवर ४एक्स आणि दुसरीवर ८एक्स मिळतं. अशा एकट्याने खेळायच्या गेमची `Engine.ini` फाइल उघडून या ओळी घालता येतात:

```
[SystemSettings]
r.MaxAnisotropy=16
```

ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये फाइलींना हात लावण्याआधी नियम बघून घ्यावेत.

गेममध्ये काहीच सोय नसेल तर ड्रायव्हर उरतो. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `Manage 3D settings` खाली `Anisotropic filtering` आहे. एरवी तिथे `Application-controlled` असतं. सगळ्या गेमना सरसकट १६एक्स लादण्यापेक्षा `Program Settings`मध्ये त्या एका गेमपुरतं लावलेलं बरं. लादलेलं फिल्टरिंग कधीकधी ज्या टेक्स्चरला ते नकोच होतं त्यालाही लागतं आणि सावल्यांत किंवा पडद्यावरच्या इफेक्टमध्ये भलत्याच रेघा उमटतात. डायरेक्टएक्स १२ आणि वल्कनवरच्या नव्या गेमवर ड्रायव्हरची ही जबरदस्ती बहुधा चालतही नाही.

लागू झालं की नाही हे तपासायला लांबलचक सरळ रस्ता किंवा फरशीचा बोळ शोधावा, गाडी थांबवावी आणि तीच जागा सेटिंग बदलून दोनदा बघावी. फोटो काढून शेजारी ठेवले तर उत्तमच. पुढे सरकताना आपल्यासोबत पुढे पुढे जाणारी धूसर सीमारेषा दिसत असेल तर फिल्टरिंग कमी आहे. दोन्ही चित्रं अगदी सारखी असतील तर गेम बंद करून पुन्हा सुरू करावा आणि ड्रायव्हरमध्ये आधीच काही लादलेलं आहे का ते पाहावं.

थांबल्यावर रस्ता स्वच्छ आणि गाडी हलताच धूसर, असं होत असेल तर दोष मोशन ब्लरचा किंवा कडा गुळगुळीत करणाऱ्या टीएएचा. खांबांच्या कडा दातेरी दिसत असतील तर तोही अँटी-अलायझिंगचा विषय. लांबची झाडं अचानक उगवत असतील तर ती मॉडेलच्या तपशिलाची मर्यादा. आणि पट्टा धूसर न होता उलट लुकलुकत असेल तर एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये `Texture filtering - Quality` हे `High quality`वर करून पाहावं; तिथल्या वेगासाठीच्या काटकसरीने कधीकधी नमुने कमी पडतात.