कंस उघडला की तुळई तुटते

किराणा मालाच्या एका गोदामात पोटमाळा घालायचा आहे, असं समजू. दोन भिंतींमध्ये ६ मीटर अंतर आहे आणि त्यावर लोखंडी गर्डर टाकायचा आहे. डाव्या भिंतीपासून २ मीटरवर वरच्या पाण्याच्या टाकीचा एक खांब नेमका या गर्डरवर उतरतो. त्याचा भार ३० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३ टन. पुढे ३ मीटरपासून ५ मीटरपर्यंतच्या पट्ट्यात साखरेची पोती रचलेली असतील. ५० किलोची जवळपास ५० पोती धरली, तर दर मीटरला १२ किलोन्यूटन भार येतो. शेवटचा एक मीटर चालायला मोकळा. मालकाचा प्रश्न साधा आहे: गर्डर मोडणार तर नाही ना? इंजिनिअरला त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न पडतो: याला झोळ किती पडेल?

भार मधोमध एकटाच असता किंवा सगळ्या लांबीवर सारखा पसरलेला असता, तर झोळाचं तयार सूत्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलं असतं. इथे मात्र एक भार टोचणारा आहे, दुसरा पसरलेला आहे, आणि तो मध्येच सुरू होऊन मध्येच संपतो.

झोळ मोजण्याची वाट बेंडिंग मोमेंटमधून जाते. तुळईवर कुठेही एक मनातली चीर पाडायची आणि तिच्या डावीकडच्या प्रत्येक बलाला त्याच्या चिरेपासूनच्या अंतराने गुणायचं. वर ढकलणारी बलं मिळवायची, खाली दाबणारी वजा करायची. जे उरतं ते त्या जागी तुळईला वाकवू पाहणारं मोमेंट. ते जितकं मोठं, तितकी तुळई तिथे जास्त वळते. ते EI ने भागलं की तिथली वक्रता मिळते. यातला E म्हणजे पोलादाचा ताठपणा आणि I म्हणजे छेदाच्या आकारातून येणारा ताठपणा. वक्रतेचं एकदा संकलन केलं की तुळईचा उतार मिळतो, दुसऱ्यांदा केलं की झोळ.

आधी भिंतींवर येणारा भार काढू. उजव्या टेकूभोवती मोमेंट घेतलं, तर डाव्या टेकूला २८ किलोन्यूटन येतात. एकूण भार ५४, म्हणून उजव्या टेकूला उरतात २६. आता चीर डावीकडून उजवीकडे सरकवत नेली, तर मोमेंटचं सूत्र प्रत्येक टप्प्यावर बदलतं. खांबापर्यंत एक, खांबापासून पोत्यांपर्यंत दुसरं, पोत्यांखाली तिसरं आणि पोत्यांच्या पुढे चौथं. चार तुकडे आणि प्रत्येकाचं दोनदा संकलन म्हणजे आठ अज्ञात स्थिरांक. टेकूंवर झोळ शून्य असतो, यातून दोन अटी मिळतात. बाकीच्या सहा तीन सांध्यांवरून येतात, कारण प्रत्येक सांध्यावर दोन्हीकडचा झोळ आणि दोन्हीकडचा उतार जुळायला हवा. आठ समीकरणं सोडवणं अशक्य नाही, पण एखादं चिन्ह चुकलं तर ते शोधण्यात दुपार जाते.

हे ओझं हलकं करणारी कल्पना जर्मन गणिती आल्फ्रेड क्लेब्श याच्या १८६२च्या स्थितिस्थापकतेवरच्या ग्रंथात सापडते. १९१९मध्ये केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. मॅकॉले याने ‘मेसेंजर ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात एक छोटंसं टिपण लिहिलं आणि पद्धतीला त्याचं नाव चिकटलं. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकमध्ये आजही ती ‘मॅकॉलेची पद्धत’ म्हणूनच शिकवली जाते.

कल्पना एका खास कंसात आहे. ⟨x−2⟩ या कोनदार कंसाचा नियम असा: आतली किंमत ऋण असेल, तर सगळा कंस शून्य, नसेल, तर तो साध्या कंसासारखा. चीर २ मीटरच्या अलीकडे असेपर्यंत खांबाचं पद गप्प बसतं, ती पुढे गेली की जागं होतं. त्यामुळे चार सूत्रांचं काम एकच सूत्र करतं:

```
M = 28x − 30⟨x−2⟩ − 6⟨x−3⟩² + 6⟨x−5⟩²
```

पहिलं पद डाव्या टेकूचं, दुसरं खांबाचं, तिसरं पोत्यांचं. पसरलेल्या भाराचं मोमेंट अंतराच्या वर्गाने वाढतं आणि १२ ची निम्मी ६ होते. चौथ्या पदापाशी थोडं थांबायला हवं. कोनदार कंस एकदा जागा झाला की पुन्हा झोपत नाही, त्यामुळे तिसऱ्या पदाच्या हिशेबी पोती थेट उजव्या भिंतीपर्यंत रचलेली असतात. प्रत्यक्षात ती ५ मीटरवर संपतात. म्हणून तिथून पुढे तेवढाच भार खालून वर ढकलतो आहे असं मानायचं आणि दोन्ही भार एकमेकांना खाऊन टाकतात. हे पद विसरणं ही नेहमीची चूक. ती पकडायला x च्या जागी ६ घालून पाहावं. साध्या टेकूवर मोमेंट शून्य यायलाच हवं. चौथं पद असेल तर ते शून्य येतं, गाळलं तर उणे ६ येतं आणि चूक तिथेच उघडी पडते.

आता दोनदा संकलन:

```
EI·y′ = 14x² − 15⟨x−2⟩² − 2⟨x−3⟩³ + 2⟨x−5⟩³ + C₁
EI·y  = (14/3)x³ − 5⟨x−2⟩³ − ½⟨x−3⟩⁴ + ½⟨x−5⟩⁴ + C₁x + C₂
```

आठ स्थिरांकांचे दोनच कसे झाले, याचं उत्तर कंसाचं संकलन कसं केलं यात आहे. कंस उघडला नाही. आतलं सगळं एकच चल समजून त्याचा घात वाढवला. त्यामुळे प्रत्येक नवं पद आपल्या जागी शून्यातून सुरू होतं. खांबापाशी ते उतारात काही भर घालत नाही आणि झोळातही नाही. म्हणजे सांधे जुळवण्याच्या ज्या सहा अटी वेगळ्या लिहाव्या लागत होत्या, त्या आपोआप पाळल्या जातात.

कंस उघडला तर काय होतं, तेही पाहू. ३०(x−२) चं संकलन कुणी १५x² − ६०x असं केलं, तर कॅल्क्युलसच्या नियमाने ते चूक नाही, कारण योग्य उत्तराशी त्याचा फरक फक्त ६० या स्थिरांकाचा आहे. पण हे पद २ मीटरच्या अलीकडे शून्य असतं आणि पलीकडे एकदम ६० ने उडी घेतं. उतारात उडी म्हणजे तुळईला तिथे मोड आला. आपल्या गर्डरच्या बाबतीत हा मोड एक तृतीयांश अंशाचा भरतो. डोळ्याला तो जाणवणार नाही, पण कागदावर तुळई खांबाखाली तुटलेली असते आणि पुढचं प्रत्येक उत्तर चुकतं.

स्थिरांक लगेच सुटतात. डाव्या टेकूवर सगळे कंस झोपलेले असतात, म्हणून C₂ शून्य. उजव्या टेकूवर x = 6 घातलं की १००८ − ३२० − ४०.५ + ०.५ होतात ६४८, आणि C₁ येतो −१०८. डाव्या टोकाचा उतार म्हणजे हाच −१०८. उजव्या टोकाचा उतार काढला तर +१०४ मिळतो. या दोहोंत २१२ चा फरक आहे आणि तो बेंडिंग मोमेंटच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाइतका असायला हवा. चार तुकड्यांची क्षेत्रफळं ५६, ५५, ८८ आणि १३ येतात, त्यांची बेरीज २१२च. हा ताळा पाच मिनिटांत होतो. जिथे माणसं वावरणार आहेत तिथल्या हिशेबात तो वगळू नये.

सर्वांत जास्त झोळ जिथे उतार शून्य होतो तिथे असतो. ३ मीटरवर उतार +३ येतो आणि २ मीटरवर −५२, म्हणजे शून्य यांच्या दरम्यान, ३ च्या अगदी जवळ आहे. वर्गसमीकरण सोडवलं की जागा मिळते २.९४ मीटर. भार असा एकीकडे झुकलेला असूनही जास्तीत जास्त झोळ मध्यापासून ६ सेंटिमीटरच सरकतो. तिथे EI·y ची किंमत २०३.१, आणि मधोमध २०३.०. साध्या टेकूंवरच्या तुळईत हे नेहमीचंच आहे. सगळे भार खाली दाबणारे असतील, तर मध्यावरचा झोळ काढूनही अंदाज फारसा चुकत नाही.

आता गर्डर निवडू. आयएसएमबी २५० या गर्डरचा I सुमारे ५,१३० सेंटिमीटरचा चौथा घात आहे आणि पोलादाचा E दर चौरस मिलिमीटरला २ लाख न्यूटन. यावरून झोळ येतो १९.८ मिलिमीटर. सर्वांत मोठं मोमेंट खांबाखाली, ५६ किलोन्यूटन-मीटर. त्यातून येणारा ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे १३७ न्यूटन. साध्या पोलादासाठी जुन्या पद्धतीने १६५ पर्यंत मुभा असते, म्हणजे मालकाच्या प्रश्नाचं उत्तर ‘मोडणार नाही’ असं आहे. पण खाली तडकू शकेल असा गिलावा किंवा छत असेल, तर भारतीय मानक आयएस ८०० गाळ्याच्या एक तीनशेसाठांश इतकाच झोळ चालवून घेतं. ६ मीटरला ते होतात १६.७ मिलिमीटर. मजबुतीत पास झालेला गर्डर ताठपणात नापास होतो. आयएसएमबी ३०० घेतला तर दर मीटरचं वजन ३७ किलोवरून ४४ किलोवर जातं, पण I ८,६०० पर्यंत चढतो आणि झोळ ११.८ मिलिमीटरवर येतो. वाढलेल्या सात किलोंच्या मानाने हा फायदा मोठा आहे, कारण I उंचीवर फार अवलंबून असतो.

मालकाने उद्या गर्डरला त्याच्या लांबीच्या दिशेने पुढे येणारं ब्रॅकेट जोडून त्यावर चेनपुली टांगली, तर तुळईला तिच्याच उभ्या प्रतलात वाकवणारं एक मोमेंटही येईल. तेही याच सूत्रात बसतं, फक्त त्याच्या कंसाचा घात शून्य असतो. भारांची अशी उतरंडच आहे. मोमेंटच्या सूत्रात जोडबलाचा घात ०, टोचणाऱ्या भाराचा १, सारख्या पसरलेल्याचा २ आणि ढिगासारख्या वाढत जाणाऱ्या त्रिकोणी भाराचा ३. हीच पदं मोमेंटऐवजी भाराच्या पायरीवर लिहिली, तर टोचणाऱ्या भाराचा घात −१ होतो. तीन टन एका बिंदूवर आले तर तिथे भाराची तीव्रता अनंत होते. या अनंताच्या जागेला गणितात सिंग्युलॅरिटी म्हणतात आणि या फलांना सिंग्युलॅरिटी फंक्शन हे नाव त्यावरूनच मिळालं.

पद्धतीच्या मर्यादाही माहीत हव्यात. इथे सगळ्या लांबीवर EI एकच धरला आहे. गर्डरच्या मधल्या भागावर पट्टी वेल्ड केली, तर हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही. काँक्रीटची तुळई तडकते, वर्षानुवर्षं हळूहळू आणखी वाकते, आणि तिथे कोणता I धरायचा हाच मोठा प्रश्न असतो. फार आखूड आणि उंच तुळईत कातरबलामुळे पडणारा झोळही मोजावा लागतो, तो या समीकरणात नाही.

मालक मात्र वेगळंच विचारण्याची शक्यता आहे: आयएसएमबी २५० आधीच आणलाय, मध्ये एक टेकू दिला तर? त्यासाठी सगळं गणित नव्याने मांडावं लागत नाही. ३ मीटरवर R हा अज्ञात भार वर ढकलतो असं धरून एक पद वाढवायचं, आणि तिथे झोळ शून्य ही तिसरी अट लावायची. मधोमध R भार तुळईला ४.५R भागिले EI इतकी उचलतो. २०३ ला ४.५ ने भागलं की टेकूवर ४५.१ किलोन्यूटन येतात. डाव्या भिंतीला उरतात जेमतेम ५.४ आणि उजवीला ३.४. एकूण ५४ पैकी ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांहून जास्त भार, आता त्या एका खांबातून खाली उतरेल. तेव्हा तो खांब गोदामाच्या फरशीवर नुसता उभा करून भागणार नाही. त्याच्याखाली पाया खणावा लागेल.