टाकीच्या भिंतीत सळया दुप्पट का?

पाण्याच्या टाकीचा संकल्पन अहवाल हाती आला की बहुतेक जण शेवटचे पान उघडून खर्च पाहतात. खरी टाकी मात्र पहिल्याच पानावर, गृहीतकांत ठरलेली असते.

समजा, एका गावाची लोकसंख्या पुढील तीस वर्षांत 3,000 होईल असे धरले. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज 55 लिटर, म्हणजे 1,65,000 लिटर. वाटेतल्या गळतीसाठी 15 टक्के वाढवले की सुमारे 1,90,000. दिवसाच्या निम्म्या गरजेइतका साठा ठेवायचा, तर 95,000 लिटर लागतील. म्हणून टाकी एक लाखाची.

यातले ‘निम्मा’ हे सर्वांत नाजूक गृहीतक. पंप दिवसातून दोनदा चालतील असा त्याचा अर्थ. वीज फक्त रात्री आठ तास मिळत असेल, तर पाणी रात्रीच चढेल आणि पुढचा सगळा दिवस तेवढ्यावर काढावा लागेल. मग एक लाखाची टाकी दुपारीच रिकामी होईल. विजेच्या वेळा अहवालात लिहिलेल्या नसतील, तर हा आकडा मान्य करू नये.

आता भिंत. आतला व्यास 6 मीटर, पाण्याची खोली 3.6 मीटर, वर 30 सेंटिमीटर मोकळी जागा. तळाशी पाणी दर चौरस मीटरला 3.6 टन दाब देते. बादलीची कडी फळ्यांना आवळून धरते तशा गोल सळया भिंतीला धरतात. भिंत तळाशी घट्ट जखडलेली नाही असे धरले, तर तिथे एक मीटर उंचीच्या पट्ट्यात 3.6 गुणिले 3, म्हणजे 10.8 टन ताण येतो.

भिंत फुटू नये एवढेच पाहायचे असते, तर सुरक्षेची नेहमीची वाढ धरूनही 12 मिलिमीटरच्या चार सळया मीटरमागे पुरल्या असत्या. पण सळई ताणली गेली की भोवतीचे काँक्रीट तडकते, भेगेतून पाणी झिरपते आणि लोखंड गंजते. म्हणून पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठी असलेले आय.एस. 3370 हे मानक अशा सळईवरचा ताण साधारण 130 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरवर रोखते. लागणारे लोखंड 815 चौरस मिलिमीटर होते. एका सळईचे क्षेत्रफळ 113, म्हणून आठ सळया, दर 125 मिलिमीटरला एक. वर दाब कमी होतो, तशा त्या विरळ करता येतात.

बांधकामात अंतर 125 ऐवजी 200 झाले, तर टाकी उभी राहील, पण भेगा रुंदावतील. हे काँक्रीट ओतण्याआधी मोजपट्टीने कळते. नंतर उरते ती पाणी भरून घेतलेली चाचणी. सात दिवस टाकी भरलेली ठेवतात आणि बाहेरून ओल कुठे दिसते ते पाहतात. गिलावा आणि रंग त्यानंतरच करायचे, कारण आधी केले तर ओल त्यांच्याआड लपते.