‘आपण फक्त अक्षरं सरळ केली’ : बनावट दाखल्याला हातभार आणि काही गैरसमज

डीटीपी, झेरॉक्स, सायबर कॅफे आणि फोटो स्टुडिओच्या धंद्यात दर वर्षी जून-जुलैमध्ये एक ठरावीक काम येते. प्रवेशाची किंवा शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली असते. ग्राहक पेनड्राइव्ह पुढे करतो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवतो. ती तहसील कार्यालयाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासारखी दिसते, पण राजमुद्रा फाटल्यासारखी आली आहे, नावाची ओळ इतर ओळींपेक्षा जाड आहे, रकमेचे आकडे खाली घसरले आहेत. मागणी साधी असते : ‘‘दादा, यात नवीन काही करायचं नाही. आहे तेच जरा नीट करून द्या.’’

हे काम नाकारणारे दुकानदार आहेत. पण नाकारणाऱ्यालाच आढेवेढे घेणारा, भित्रा किंवा जादा शहाणा ठरवले जाते, आणि त्यामागे एक गैरसमज ठाण मांडून बसलेला असतो. तो असा की मजकूर ग्राहकाचा, वापर ग्राहकाचा, त्यामुळे गुन्हा झालाच तर तोही ग्राहकाचा. ऑपरेटरने फक्त मांडणी केली. हा समज इतका पसरलेला आहे की काही दुकानांत ‘मजकुराची जबाबदारी ग्राहकाची राहील’ अशी पाटीच लावलेली दिसते. लग्नपत्रिकेत मामाचे नाव चुकले तर ती पाटी कामाला येईल. सरकारी दाखल्याच्या बाबतीत तिचा काडीचा उपयोग नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 335 खोटा दस्तऐवज कसा तयार होतो ते सांगते. जुन्या भारतीय दंड संहितेतले कलम 464 म्हणजे तेच. कलमाचा रोख वापरणाऱ्यावर नसून तयार करणाऱ्यावर आहे. अमुक अधिकाऱ्याने किंवा त्याच्या अधिकाराने हा कागद केला आहे असे भासावे, या हेतूने जो तो कागद अप्रामाणिकपणे किंवा कपटाने तयार करतो, त्यावर सही वा शिक्का उमटवतो, तो खोटा दस्तऐवज करतो. पूर्ण कागदच करायला हवा असेही नाही. कागदाचा एखादा भाग केला तरी तो या व्याख्येत बसतो. आधीच तयार झालेल्या खऱ्या कागदाच्या महत्त्वाच्या भागात परवानगीशिवाय केलेला बदलही त्यातच मोडतो. उत्पन्नाच्या दाखल्यात नाव, वर्ष आणि रक्कम याहून महत्त्वाचा भाग कोणता? म्हणजे ‘फक्त आकडे सरळ करून’ देणारा ज्या जागेला हात लावतो, नेमकी तीच जागा कायद्याने राखलेली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शीला सेबॅस्टियन विरुद्ध आर. जवाहरराज या प्रकरणात जुन्या कलमांचा अर्थ लावताना एक बारीक भेद स्पष्ट केला. खोटा दस्तऐवज स्वतः तयार करणे वेगळे आणि दुसऱ्याकडून तयार करवणे वेगळे. बनावटीकरणाचा मूळ आरोप तयार करणाऱ्यावरच टिकतो. करवून घेणारा मोकाट सुटतो असा याचा अर्थ नाही, त्याच्यासाठी फसवणूक, कट, चिथावणी अशी दुसरी कलमे आहेत. पण ‘मी फक्त तयार करून दिले, बाकी त्याचे तो बघेल’ असे म्हणणाऱ्याने हा निकाल जरूर समजून घ्यावा. जो भाग आपण सुरक्षित समजून पत्करला, कायद्याचे लक्ष आधी तिकडेच जाते.

शिक्षेचे कलमही किरकोळ नाही. साध्या बनावटीकरणाला कलम 336 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र लोकसेवकाने आपल्या पदाच्या अधिकारात दिला आहे असे भासवणारा दाखला बनावट केला, तर कलम 337 लागते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. आधार कार्ड आणि मतदार ओळखपत्र यांची नावे तर या कलमात थेट घेतलेली आहेत.

यात हेतूला महत्त्व आहे, हे मान्य करायलाच हवे. ज्याला खरोखरच काही ठाऊक नव्हते त्याला कायदा गुन्हेगार ठरवत नाही. टायपिस्टने अर्जदाराने सांगितलेले प्रतिज्ञापत्र टाइप केले आणि त्यातली माहिती पुढे खोटी निघाली, तर एवढ्यावरून टायपिस्ट अडकत नाही. प्रतिज्ञापत्र अर्जदाराचे असते आणि ते अर्जदाराचे म्हणूनच समोर येते. दाखला मात्र तहसीलदाराचा असतो. ग्राहकाच्या फाइलमधला दाखला तहसीलदाराने दिलेला नाही हे समजायला वकिलीची सनद लागत नाही, फाइल बारकाईने पाहिली तरी पुरते.

वर सांगितलेली फाइल ऑपरेटरने उघडली असे धरू. पहिली खूण म्हणजे ती उघडताच दुरुस्त करता येते : वर्डची फाइल, कोरलड्रॉची फाइल, नाहीतर थर लावलेली फोटोशॉपची फाइल. कोणतेही तहसील कार्यालय अर्जदाराला दाखला अशा रूपात देत नाही. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून मिळणारा दाखला पीडीएफ असतो आणि त्यावर अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असते. दुसरी खूण, राजमुद्रा, शिक्का आणि सहीचा चौकोन ही स्वतंत्र चित्रे निघतात, प्रत्येक माऊसने उचलून हलवता येते. तिसरी, नाव आणि रक्कम यांचा फाँट बाकी मजकुराशी जुळत नाही. बाकी मजकूर चित्रात आहे आणि तेवढाच भाग नंतर टाइप केलेला आहे. चौथी खूण सर्वांत बोलकी : ग्राहकाला बारकोड ‘क्लिअर’ हवा असतो, पण तो बारकोड पोर्टलवर तपासला की दुसऱ्याच माणसाचा दाखला समोर येतो. एखादी खूण योगायोगाने जुळेल. चारही एकाच फाइलमध्ये दिसल्यावर ‘मला माहीत नव्हते’ हे कुणाला पटणार?

इथे त्याच गैरसमजाची दुसरी बाजू पुढे केली जाते, आणि ती जास्त चीड आणणारी आहे, कारण ती सज्जन माणसे मांडतात. म्हणे, उत्पन्न खरोखरच तेवढे आहे, माहिती खरी आहे, मग कागद खोटा कसा? कागदातली माहिती आणि कागदाचा कर्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरा दाखला चुकीच्या माहितीवर दिला गेलेला असू शकतो. तो तरीही तहसीलदारानेच दिलेला असतो. उलट, संपूर्ण खरी माहिती असलेला घरगुती दाखला आपण कुणाकडून आलो आहोत याबद्दल खोटे बोलत असतो. हा भेद आजचा नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेने याच कलमाखाली एक उदाहरण दिले होते : नोकरी मिळावी म्हणून एखाद्याने दुसऱ्याच्या नावाने, त्याच्या परवानगीशिवाय, स्वतःच्या चारित्र्याची शिफारस लिहिली आणि खाली त्याची सही केली, तर ते बनावटीकरण होते. त्या माणसाचे चारित्र्य चांगले होते की वाईट, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही.

जुन्या नोंदींच्या बाबतीत तर ‘नीट करून देणे’ खऱ्या माणसाचेही नुकसान करते. जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा मोडीतली नोंद शोधून काढली जाते. कागद जीर्ण असतो, शाई पुसट असते. कुणी तरी हौसेने स्कॅन करून अक्षरे गडद करतो, तुटलेली वेलांटी जोडतो. समितीचे दक्षता पथक मात्र मूळ रजिस्टर मागवून ताडून पाहते, आणि खाडाखोड, वेगळी शाई, वेगळे वळण यांवरच तिथे बोट ठेवले जाते. पुसट कागद पुसटच सादर करावा. सोबत शाळेकडून रजिस्टरचा प्रमाणित उतारा घ्यावा. गडद केलेल्या अक्षराने खरी नोंदही संशयात सापडते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकता येतात. ‘पैसे घेतले नाहीत, म्हणून गुन्हा नाही’ हे चूक. मोबदला हा या गुन्ह्याचा घटकच नाही. ‘दाखला कुठे वापरलाच नाही’ हेही चूक. योग्य तो हेतू असेल तर तयार करताच गुन्हा पूर्ण होतो, आणि खरा म्हणून वापरणे हा कलम 340 खालचा वेगळा गुन्हा आहे. ‘राजमुद्रा इंटरनेटवर मिळते, मग वापरायला काय हरकत’ या प्रश्नाला 2005 च्या राजमुद्रा गैरवापर प्रतिबंध कायद्यात उत्तर आहे : कागद सरकारी आहे असा समज होईल अशा रीतीने राजमुद्रा किंवा तिची मिळतीजुळती नक्कल वापरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाटकासाठी किंवा चित्रपटासाठी दाखला हवा असेल तर काल्पनिक तालुका, काल्पनिक कार्यालय आणि राजमुद्रेऐवजी एखादे नक्षीचित्र एवढ्यावर भागते. त्यावर ग्राहक नाराज झाला, तर त्याचे नाटक कुठे रंगणार आहे ते कळतेच.

डिजिटल स्वाक्षरीविषयी मात्र दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे. पीडीएफ उघडल्यावर स्वाक्षरीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसले की अनेकांना दाखला खोटा वाटतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्या संगणकातल्या सॉफ्टवेअरने भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र अजून विश्वासार्ह म्हणून नोंदवलेले नाही. ते नोंदवले की चिन्ह हिरवे होते. उलट, हिरव्या खुणेचे चित्र चिकटवलेला कागद खरा मानला जातो. खरी स्वाक्षरी क्लिक केल्यावर सही कुणाची, कधीची हा तपशील उघडते. चित्रावर क्लिक केले तर काहीच होत नाही. सहीनंतर फाइलमधला मजकूर बदलला, तर सॉफ्टवेअर तसे सांगते. आणि छापून परत स्कॅन केलेल्या प्रतीत डिजिटल स्वाक्षरी उरतच नाही, उरते तिचे चित्र. तिथे पोर्टलवरची बारकोड तपासणी हाच मार्ग.

नकार देणाऱ्यावर आणखी एक ओझे लादले जाते : संशय आला तर पोलिसांत कळवावेच लागेल, मग त्यापेक्षा गप्प काम करून दिलेले बरे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 मध्ये नागरिकाने कळवणे बंधनकारक असलेल्या गुन्ह्यांची यादी आहे. दाखल्याचे बनावटीकरण त्यात नाही. दुकानदाराला तपास अधिकारी व्हायचे नाही. फाइल आपल्या संगणकावर ठेवायची नाही, दुरुस्त करायची नाही, शिक्क्याचे चित्र ‘नमुन्यासाठी’ काढून द्यायचे नाही आणि ‘‘हे आमच्याकडे होत नाही, सेतू केंद्रात अर्ज करा’’ एवढे सांगायचे. रबरी शिक्के बनवणाऱ्यालाही हेच लागू आहे. बनावटीकरणासाठी वापरला जाईल या हेतूने शिक्का घडवणे कलम 341 खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

मुदत संपत आली ही ग्राहकाची अडचण खरी असते, पण तिच्यासाठीही कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली उत्पन्नाचा दाखला ही अधिसूचित सेवा असून तिला 15 दिवसांची मुदत आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा कारण न देता नाकारला, तर आधी प्रथम अपील, मग द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. अर्ज केल्याची पावती जपून ठेवावी, कारण दिवस तिथूनच मोजले जातात.