चूक सांगण्याची रीत

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक अभियंता बिघडलेला दुय्यम डेटाबेस सावरत होता. त्याची रिकामी फाइलसाठवण काढून टाकण्याचा आदेश त्याने दिला, पण तो चुकून मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात येऊन त्याने आदेश थांबवला, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरले होते.

अशा वेळी कंपन्या ‘तांत्रिक कारणांमुळे गैरसोय’ एवढंच लिहितात. गिटलॅबने दुसऱ्याच दिवशी निवेदनात कारण उघड सांगितलं. नुकसानही नेमकं मांडलं: सुमारे सहा तासांतल्या नोंदी, टिप्पण्या आणि नवी खाती गेली, ग्राहकांचा मूळ कोड मात्र सुरक्षित आहे. आपलं काय गेलं, हे ग्राहकाला त्यातून कळलं.

सर्वांत अवघड कबुली बॅकअपची होती. बॅकअप घेणारं साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं असल्याने रोज अपयशी होत होतं, आणि तसं कळवणारे ईमेल नाकारले जात होते. सुदैवाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली. दुरुस्तीचं काम तर त्यांनी थेट प्रक्षेपितही केलं.

पुढच्या सविस्तर अहवालात अभियंत्याचं नाव नव्हतं, ते मला फार योग्य वाटतं. दोष यंत्रणेचा होता. बॅकअप तपासण्याची जबाबदारी कुणाकडेच नव्हती, हेही त्यात लिहिलं होतं. तुमची सेवा बंद पडली तर कंपनीला विचारा: नेमकं काय गेलं, आणि आता ते कोण तपासणार?